ट्रान्सफॉर्मरचं गणित: इक्विव्हॅलंट सर्किट काढावं की लॉसेसचा हिशेब मांडावा?

इलेक्ट्रिकल मशिन्सच्या पेपरात हा प्रश्न बहुतेक ठरलेल्या साच्यात येतो. आधी आदर्श ट्रान्सफॉर्मर धरून वेढ्यांचं गुणोत्तर आणि करंट काढा, मग टेस्टचे आकडे वापरून खऱ्या ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता सांगा. पहिल्या भागात निवडीला जागा नाही. दुसऱ्या भागात मात्र दोन वाटा आहेत आणि दोन्हींनी बरीच गणितं सोडवल्यावर माझा कल एकीकडे झुकला आहे.

उदाहरण घेऊ. १० केव्हीए, २२००/२२० व्होल्ट, ५० हर्ट्झ, सिंगल फेज. ओपन सर्किट टेस्ट एलव्ही बाजूने: २२० व्होल्ट, १.१ अँपिअर, १०० वॅट. शॉर्ट सर्किट टेस्ट एचव्ही बाजूने: ९० व्होल्ट, ४.५४५ अँपिअर, २१० वॅट.

गुणोत्तर १०. फुल लोडला सेकंडरी करंट ४५.४५ अँपिअर आणि प्रायमरी ४.५४५. इथे एकच जपायचं: गुणोत्तर नो-लोड व्होल्टेजवरून काढायचं. प्रायमरीला २२०० व्होल्ट कायम ठेवून ०.८ लॅगिंगचा फुल लोड टाकला, तर याच ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला जेमतेम २१२ व्होल्ट उरतात. त्यावरून भागाकार केला तर १०.४ येतील, पण लोड टाकल्याने वेढे काही वाढत नाहीत.

आता कार्यक्षमता. इक्विव्हॅलंट सर्किटची वाट दिसायला देखणी आहे. शॉर्ट सर्किट टेस्टवरून एचव्ही बाजूचा रेझिस्टन्स १०.१६ ओहम आणि रिअॅक्टन्स साधारण १७ ओहम मिळतो. ओपन सर्किट टेस्टवरून शंट ब्रँच मिळते, पण ती एलव्ही बाजूची. माझं घोडं इथेच अडतं. एलव्हीला कमी व्होल्टेजचा सप्लाय पुरतो आणि एचव्हीला कमी करंट लागतो, म्हणून या टेस्ट सहसा अशा उलटसुलट बाजूंनीच घेतात. परिणामी निम्मी माहिती नेहमी पलीकडे असते, आणि ती अलीकडे आणताना गुणोत्तराच्या वर्गाने गुणायचं की भागायचं हा प्रश्न दर वेळी उभा राहतो.

रूपांतर अजिबात विसरलं तर निदान चूक ओरडून सांगते: ४५.४५ अँपिअरला १०.१६ ओहम लावले की कॉपर लॉस २१,००० वॅट, म्हणजे १० केव्हीएच्या यंत्रात क्षमतेच्या दुप्पट नुकसान! खरा दगा वर्ग करायचं राहिलं की होतो. १०० ऐवजी १० ने भागलं की कॉपर लॉस २१०० वॅट आणि कार्यक्षमता ७८ टक्के येते. हा आकडा इतका सभ्य दिसतो की बरेच विद्यार्थी त्याखाली दोन रेघा मारून पुढे जातात. या मापाच्या ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता पंचाण्णवच्या आसपास हवी, हे डोक्यात असेल तरच ती चूक पकडली जाते.

लॉसेसच्या हिशेबात ही कटकटच नाही, कारण वॅट कुठल्याही बाजूने मोजले तरी तेवढेच. आयर्न लॉस १००, फुल लोडचा कॉपर लॉस २१०. ०.८ पॉवर फॅक्टरला आउटपुट ८००० वॅट, म्हणून कार्यक्षमता ८००० भागिले ८३१०, म्हणजे ९६.२७ टक्के. अर्ध्या लोडला कॉपर लॉस चौथाई होऊन ५२.५ वॅट, आयर्न लॉस तेवढाच, उत्तर ९६.३३. हे दोन्ही लॉस सुमारे ६.९ केव्हीएला समान होतात. तिथे कार्यक्षमता सर्वाधिक असते.

सर्किटवाले म्हणतील, यात अचूकता गेली. थोडी जाते खरी. सेकंडरीला फुल लोडवरही पूर्ण २२० व्होल्ट हवे असतील तर प्रायमरीला सुमारे २२८३ व्होल्ट द्यावे लागतात. मग आयर्न लॉस १०८ च्या आसपास जातो आणि उत्तर ९६.१८ येतं. एक दशांश टक्क्याहूनही कमी फरकासाठी मी तरी पानभर कॉम्प्लेक्स आकडेमोड करणार नाही.

करंटचं तेवढं वेगळं. नो-लोड करंट एचव्ही बाजूला ०.११ अँपिअर येतो. तो कोन सांभाळून मिळवला की फुल लोडचा खरा प्रायमरी करंट ४.६४ होतो, आदर्शपेक्षा दोनच टक्के जास्त. पण लोड दहा टक्के असेल तर आदर्श गणित ०.४५ सांगतं आणि खरा करंट ०.५५ निघतो. हलक्या लोडचा करंट विचारला असेल तर शंट ब्रँच टाळता येत नाही. रेग्युलेशन किंवा प्रायमरीला द्यायचं व्होल्टेज विचारलं, तरीही सर्किट काढावंच लागतं, कारण नुसते वॅट माहीत असून व्होल्टेज किती पडेल ते कळत नाही. तेव्हा मी आधी पानाच्या कोपऱ्यात ‘सर्व एचव्ही बाजूला’ असं लिहितो आणि मगच पहिली रेघ ओढतो.