नळी वाकवायची की पिळायची? हाडाच्या दोन चाचण्या, समोरासमोर

विजापूर वेशीजवळचा आमचा खाटीक बोकडाच्या पायाच्या लांब हाडाला 'नळी' म्हणतो. मेकॅनिकलच्या पोरांना मी जे अर्धा तास फळ्यावर समजावत बसतो, ते त्याच्या एका शब्दात येतं. दरवर्षी शेवटच्या वर्षाचा एखादा तरी ग्रुप हाडाचा प्रोजेक्ट घेतो आणि मग मी त्यांच्याबरोबर त्याच्या दुकानात जातो.

"सहा नळ्या द्या. अख्ख्या, सत्तूर लागू देऊ नका."

"अख्ख्या नळ्यांचा रस्सा कसा करणार सर?"

"रस्सा नाही, मोडायच्यात."

"मग मीच देतो की मोडून!"

तो कुठे मोडेल हे त्याला ठाऊक असतं, कारण सत्तूर तो ठरवून मारतो. आमचा सगळा प्रश्न तिथेच आहे. हाड वाकवून मोडायचं की पिळून, हे पोरं सहसा कुठलं मशीन मोकळं आहे त्यावर ठरवतात. मला विचाराल तर, हाड कुठे तुटावं हे कुणी ठरवायचं, त्यावर चाचणी निवडावी.

आधी ताकदीचा हिशेब उरकू, कारण त्यात एक गंमत आहे. नडगीच्या हाडाचा मधला भाग गोल नळी समजा. बाहेरचा व्यास १६ मिमी, आतला १० मिमी, म्हणजे भिंत ३ मिमी. वाकवताना आणि पिळताना लागणारी सूत्रं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये सगळ्यांनी घोकलेली असतात:

```
σ = M·c / I      I = π(D⁴ − d⁴)/64
τ = T·c / J      J = π(D⁴ − d⁴)/32
```

गोल नळीचा J हा I च्या दुप्पट असतो. म्हणून मोमेंट आणि टॉर्क आकड्याने सारखे असले तर पिळताना येणारा शिअर स्ट्रेस वाकवताना येणाऱ्या ताणाच्या निम्मा असतो. यावरून पोरं लगेच म्हणतात, "सर, म्हणजे हाड पिळायला दुप्पट भक्कम." तसं नाही. माणसाच्या मांडीच्या हाडाची घट्ट भिंत लांबीच्या दिशेने ओढली तर साधारण १३३ मेगापास्कलला तुटते. शिअरमध्ये मात्र ६८ च्या आसपासच हार मानते. बोकडाच्या हाडाला हेच आकडे उसने लावले तर वाकवून मोडायला ४५ न्यूटन-मीटर लागतात आणि पिळून मोडायला ४६. नळीच्या आकाराने जे दुप्पट दिलं, ते हाडाच्या घडणीने निम्म्यावर आणलं. तेव्हा कुठल्या चाचणीत हाड जास्त टिकतं, यावर निवड करायला बसलात तर हाती काही लागणार नाही.

फरक पडतो तो जागेत.

नडगीचं हाड वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचं नसतं. समजा आपल्या नळीच्या मध्यापासून ४० मिमी खाली ती बारीक झाली आहे: बाहेरून १४ मिमी, आतून फक्त ६ मिमी. भिंत जाड झाल्यामुळे हाडाचा माल कमी झालेला नाही. क्षेत्रफळ काढलं तर मध्यावर १२२ चौरस मिमी येतं आणि खाली १२६. खाली माल थोडा जास्तच आहे, तरी तो अक्षाच्या जवळ सरकलाय आणि व्यासाचा तर चौथा घात लागतो. त्यामुळे खालचा भाग ३५ न्यूटन-मीटरच्या वर पीळ सोसत नाही. जास्त हाड असूनही पाऊणपट ताकद.

आता हीच नळी दोन्ही मशीनवर घेऊन जा. वाकवताना ती १४० मिमी अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवली आणि मधोमध भार दिला, तर मोमेंट भाराखाली सगळ्यात जास्त असतो आणि आधारांकडे जाताना सरळ उतरत शून्य होतो. भार १,३०० न्यूटनच्या जवळ, म्हणजे साधारण १३० किलोला पोचला की मध्यावर ४५ न्यूटन-मीटर होतात आणि हाड तिथे तुटतं. त्या क्षणी खालच्या बारीक भागावर किती आलेत? ४५ चे तीन-सप्तमांश, म्हणजे १९. त्याची ताकद ३५ ची. तो निवांत बसलेला असतो. हाड आपल्या भक्कम जागी मोडलं, कारण भार आपण तिथे टेकवला होता.

पिळताना असं लपायला जागा नसते. एक टोक धरून दुसरं फिरवलं की लांबीभर टॉर्क एकच. ३५ न्यूटन-मीटरला बारीक भाग जातो आणि मधला भाग तसाच राहतो. आपण फक्त पीळ दिला, जागा हाडाने निवडली.

ऑर्थोपेडिकच्या एक्स-रेमध्ये हेच दिसतं. नडगीवर आडवा मार बसला, उदाहरणार्थ गाडीचा बंपर, तर हाड जिथे मार बसला त्याच्या आसपास तुटतं. पाय एका जागी अडकून अंग फिरलं तर माणसाच्या नडगीचा पीळदार फ्रॅक्चर बहुधा खालच्या तिसऱ्या भागाकडे सापडतो, जिथे ती बारीक होते. पंजा लढवताना दंडाचं हाड मोडतं तेही असंच. समोरचा जोर लावत असतो हातावर, आणि कोपरापाशी वाकलेला हात दंडाच्या हाडाला तरफेसारखा पिळतो. हाड कोपराच्या वरच्या बाजूला, खालच्या तिसऱ्या भागात तिरकं चिरत जातं. बघणारे म्हणतात, "हाताला काही लागलंच नाही, मोडला कसा?"

तुटलेल्या कडा बघूनही कुठला प्रकार झाला ते कळतं आणि माझ्या मते प्रोजेक्टची निम्मी मजा त्यातच आहे. वाकवताना हाडाची एक बाजू ओढली जाते, दुसरी दाबली जाते. हाड दाबाला ताणापेक्षा चांगलं, म्हणून तडा ओढलेल्या बाजूला सुरू होतो आणि आडवा आत शिरतो. दाबाच्या बाजूला पोचता पोचता तो बऱ्याचदा दोन तिरक्या वाटांनी फुटतो आणि मधे त्रिकोणी तुकडा सुटतो. हा तुकडा कुठल्या बाजूला आहे हे पाहिलं की भार कुठून आला ते सांगता येतं. पिळून तुटलेल्या हाडाच्या कडा लांब, धारदार आणि स्क्रूच्या आट्यासारख्या फिरलेल्या असतात, आणि त्या फेऱ्याची दोन टोकं जोडणारी एक जवळपास सरळ, लांबीच्या दिशेने गेलेली चीर असते. विश्वास नसेल तर फळ्याजवळचा खडू घ्या. वाकवून मोडा, आडवा तुटेल. दुसरा दोन्ही हातांनी पिळा, पंचेचाळीस अंशांचा आटा हातात येईल. खडूत ती सरळ चीर नसते. हाडाचे धागे लांबीच्या दिशेने जातात आणि त्यांच्यामधली पकड शिअरमध्ये कमी पडते, म्हणून ती हाडातच दिसते.

करायला सोपी चाचणी वाकवण्याची, यात वाद नाही. युटीएम प्रत्येक कॉलेजात आहे, दोन आधार आणि एक वरचा रोलर, अर्ध्या दिवसात सहा हाडं. पण तिची दोन दुखणी आहेत. नडगी वरच्या बाजूला त्रिकोणी असते, त्यामुळे भार चढताना ती आधारावर कूस बदलते. आलेखात मधेच एक उतार दिसला आणि हाडाचा आवाज आला नसेल तर ती तुटली नाही, फिरली आहे. दुसरं, हाड लांबीच्या मानाने जाड असतं. आपल्या उदाहरणात आधारांमधलं अंतर व्यासाच्या जेमतेम ९ पट आहे. एवढ्या बुटक्या तुळईत जी लवचिकता मोजली जाते, तिच्यात शिअरचा आणि रोलरखाली हाड दबण्याचा वाटा मिसळलेला असतो. मोडण्याचा आकडा चालून जाईल, पण त्या आलेखावरून काढलेला यंग्ज मोड्युलस कमी येतो. व्हायव्हात तो खरा म्हणून सांगू नका. चार बिंदूंवर वाकवलं तर आतल्या दोन रोलरांमध्ये मोमेंट सारखा राहतो आणि तेवढ्या पट्ट्यात तरी हाडाला आपली कमजोर जागा निवडता येते. फक्त ओबडधोबड हाडावर चारही रोलर सारखे टेकवताना घाम फुटतो.

पिळण्याची चाचणी कागदावर स्वच्छ असते, हातात घेतली की चिकट. आमच्या लॅबमधलं टॉर्शन मशीन लोखंडी सळईसाठी आहे. ३५ न्यूटन-मीटरला त्याचा काटा जेमतेम हलतो. म्हणून आम्ही साधा सांगाडा केला. एक टोक बेंच व्हाइसमध्ये, दुसरं बेअरिंगमध्ये, बेअरिंगच्या पुढे अर्धा मीटरचा दांडा आणि त्याला वजनं. साधारण ७ किलोला हाड जावं असा हिशेब. बेअरिंग काढून टाकण्याचा मोह होतो, पण तसं केलं तर दांड्याचं वजन हाडाला वाकवतंसुद्धा आणि दोन्ही चाचण्यांची खिचडी होते.

पहिल्या वर्षी मी हाडाची टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बसवली. चौथ्या किलोलाच दांडा हळूहळू फिरायला लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या, हाड काढून पाहिलं तर अखंड. आतल्या आत प्लास्टरमध्ये घसरत होतं. आता टोकांची चरबी खरवडून काढतो, प्रत्येक टोकात दोन आडवे स्क्रू मारतो आणि कवळीसाठी वापरतात ते कोल्ड-क्युअर अॅक्रिलिक चौकोनी डब्यात ओततो. डेंटल लॅबच्या दुकानात मिळतं. ते घट्ट होताना तापतं, तेव्हा मधल्या भागाला ओला कपडा गुंडाळून ठेवा. एप्रिल-मेच्या सोलापुरात तो कपडा तसाही लागतो, कारण हाड वाळलं की जास्त ताठ आणि ठिसूळ होतं. हाडं उकळून स्वच्छ करायची युक्ती तर मुळीच नको.

पिळण्याच्या निकालात एक खोट हमखास शोधायची: फ्रॅक्चर अॅक्रिलिकच्या कडेपासून सुरू झालंय का? तसं असेल तर ते हाड मोजणीतून बाद, कारण जागा हाडाने निवडली नाही, आपल्या ठोकळ्याने निवडली. सत्तुराचा ओरखडा असलेलं हाडही बाद. नळीच्या भिंतीत छोटं गोल भोक असलं तर त्याच्या कडेला, वाकवताना ओढल्या जाणाऱ्या बाजूवर, ताण तिप्पट होतो. पिळताना तो शिअरच्या चौपट होतो. शिवाय वाकवताना ते भोक दुसऱ्या कुठे असेल तर वाचतं, पिळताना लांबीभर कुठेही असलं तरी सापडतं.

तेव्हा तुमच्याकडे पंधरा दिवस आणि सहा नळ्या असतील, आणि प्रश्न 'ताजं विरुद्ध वाळलेलं' असा दोन गटांच्या तुलनेचा असेल, तर वाकवा. भाराची जागा तुम्ही ठरवताय हे तिथे फायद्याचं आहे, प्रत्येक हाड एकाच ठिकाणी मोडेल आणि तुलना सरळ होईल. प्रश्न 'हाड कुठे मोडतं' हा असेल तर वाकवून मिळणारं उत्तर तुमच्याच रोलरचं आहे; पिळण्याचा त्रास घ्या, आणि मोडण्याआधी दर २० मिमीवर बाहेरचा व्यास आडवा-उभा मोजून हाडावर पेन्सिलने खुणा करून ठेवा. आतला व्यास मोडल्यावर त्याच खुणांवर हॅकसॉने कापून मिळतो. सहावी नळी मात्र हाताशी ठेवा, पाचांपैकी एक ठोकळ्यापाशी तुटतेच.