तारीख झालेले अपूर्णांक आणि कोड: सूत्राने सुधारावेत की मूळ फाईलमधून पुन्हा आणावेत?

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मशीन शॉपच्या स्टोअरची यादी डोळ्यांसमोर आणावी. एका स्तंभात पाइप फिटिंग आणि बोल्टची इंचातील मापे आहेत, शेजारच्या स्तंभात वस्तू ज्या रॅकवर ठेवली आहे त्या रॅकचा कोड आहे. यादी एक्सेलमध्ये उघडल्यावर अर्धा इंच १ फेब्रुवारी झालेला असतो, पाऊण इंच ३ एप्रिल झालेला असतो, आणि `2-11` या कोडच्या जागी २ नोव्हेंबर दिसतो. प्रोग्रॅमने कोणतीही सूचना दिलेली नसते. अशा वेळी दोन मार्ग समोर येतात. एक, आहे त्याच फाईलमध्ये सूत्र लिहून तारखेतून जुना मजकूर काढणे. दुसरा, बिलिंग किंवा स्टोअरच्या सॉफ्टवेअरने दिलेल्या मूळ सीएसव्ही फाईलकडे परत जाऊन तो स्तंभ मजकूर म्हणून पुन्हा आणणे. कोणता मार्ग घ्यावा हे त्या स्तंभात काय आहे यावर ठरते, आणि एकाच यादीतील दोन स्तंभांसाठी उत्तर वेगवेगळे येऊ शकते.

निवड करण्यापूर्वी नेमके काय हरवले आहे ते पाहावे लागते. दिवस आधी आणि महिना नंतर अशी भारतीय मांडणी असलेल्या संगणकावर २०२५ साली ही यादी भरली गेली असेल, तर एक्सेलमध्ये पुढील चित्र दिसते.

| भरलेले | पडद्यावर | आत साठलेले |
|---|---|---|
| `1/2` | `01-Feb` | `45689` |
| `3/4` | `03-Apr` | `45750` |
| `5/16` | `May-16` | `42491` |
| `1-1/2` | `01-01-2002` | `37257` |
| `13/16` | `13/16` | मजकूर |
| `2-11` | `02-Nov` | `45963` |

एक्सेल तारीख म्हणजे एक क्रमांक साठवतो, आणि मूळ अक्षरे कुठेही ठेवत नाही. म्हणूनच स्तंभाचे स्वरूप `Text` केले की जुना मजकूर परत येईल, ही बहुतेकांची पहिली अपेक्षा फोल ठरते. तसे केल्यावर `45750` हा आतला क्रमांक उघडा पडतो, एवढेच. तक्त्यातील तिसरी ओळ विशेष लक्ष देण्यासारखी आहे. सोळावा महिना नसल्यामुळे `5/16` हे दिवस-महिना म्हणून वाचता येत नाही, तेव्हा एक्सेल त्याला महिना-वर्ष समजतो आणि १ मे २०१६ अशी तारीख लावतो. `13/16` मात्र दोन्ही पद्धतींनी अशक्य असल्याने सुखरूप राहते. परिणामी स्तंभाचा काही भाग बिघडतो आणि काही भाग शाबूत दिसतो, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात गडबड येत नाही. किती कप्पे बिघडले आहेत हे कळण्यासाठी `=COUNT(A2:A500)` लिहावे; हे सूत्र फक्त संख्या मोजते, आणि तारीख ही संख्याच असते. एक इंच, दोन इंच अशी पूर्ण मापेही त्यात मोजली जातात, तेवढी वजा करावीत.

आता सूत्राचा मार्ग पाहू. क्रमांकातून मूळ अक्षरे मिळत नसली तरी एक खूण शिल्लक असते, ती म्हणजे कप्प्याला आपोआप लागलेले स्वरूप. दिवस-महिना म्हणून वाचलेल्या कप्प्याचे स्वरूप `CELL` फंक्शन `D2` असे सांगते, तर महिना-वर्ष म्हणून वाचलेल्या कप्प्याचे `D3` असे सांगते. त्यामुळे `5/16` पासून झालेला १ मे २०१६ आणि २०१६ साली भरलेल्या `1/5` पासून झालेला १ मे २०१६, यांचा क्रमांक तोच असला तरी दोन्ही वेगळे ओळखता येतात. मापांच्या स्तंभासाठी सूत्र असे लिहिता येईल:

```
=IF(CELL("format",A2)="D2",
 MIN(DAY(A2),MONTH(A2))&"/"&MAX(DAY(A2),MONTH(A2)),
 IF(CELL("format",A2)="D3",
 MONTH(A2)&"/"&TEXT(A2,"yy"),A2))
```

यात `MIN` आणि `MAX` घालण्याचे कारण असे की इंचाच्या अपूर्णांकात वरचा आकडा खालच्यापेक्षा नेहमी लहान असतो. यादी अमेरिकी मांडणीच्या संगणकावर भरली गेली असेल, तर `3/4` चा ४ मार्च होतो आणि `5/16` चा १६ मे होतो. लहान आकडा वर घेण्याच्या नियमाने दोन्ही आपोआप सरळ होतात. निकाल तपासण्याची सोयही मापातच आहे. खालचा आकडा २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४ असलाच पाहिजे आणि वरचा विषम असला पाहिजे. `2/11` किंवा `3/5` असे काही बाहेर आले, तर ती ओळ दुकानात कोणी वापरत नसलेल्या मापाची आहे, म्हणजे तिथे दुसरेच काही भरलेले होते.

दीड इंचासाठी लिहिलेले `1-1/2` या सूत्रात बसत नाही. त्याची १ जानेवारी २००२ अशी पूर्ण तारीख झालेली असते, आणि सूत्र तिथे `37257` असा उघडा क्रमांक देते. हे मी मुद्दाम तसेच ठेवले आहे, कारण पाच आकडी क्रमांक डोळ्यांना लगेच टोचतो आणि अशा मोजक्या ओळी हाताने सुधारणे सूत्र लांबवण्यापेक्षा बरे. मधे जागा सोडून `1 1/2` लिहिले असेल तर एक्सेल त्याची तारीख करत नाही, `1.5` ही संख्या करतो. तीही शेवटी हातानेच मजकुरात आणावी लागते.

सूत्राच्या मार्गाला दोन मर्यादा आहेत. कोणीतरी आधीच पूर्ण स्तंभाचे स्वरूप बदललेले असेल, तर `D2` आणि `D3` ही खूण पुसली जाते आणि मग `5/16` की `1/5` हे ठरवायला आधार उरत नाही. दुसरी मर्यादा अधिक छुपी आहे. बिघडलेली यादी सीएसव्ही म्हणून जतन केली असेल, तर फाईलमध्ये `May-16` ही अक्षरेच जातात, आणि ती पुन्हा उघडताना एक्सेल त्यांचा अर्थ चालू वर्षाचा १६ मे असा लावतो. मापांच्या बाबतीत `MIN`-`MAX` मुळे हा फेराही निभावून जातो. कोडच्या बाबतीत निभावत नाही.

रॅकच्या स्तंभाचे दुखणे तिथेच आहे. `2-11`, `02-11` आणि `2/11` या तिन्ही नोंदींचा शेवट एकाच क्रमांकात आणि एकाच स्वरूपात होतो. रॅक दोनवरचा खण अकरा आणि रॅक अकरावरचा खण दोन ही दोन्ही ठिकाणे स्टोअरमध्ये खरीच असतात, म्हणून चुकीच्या मांडणीने वाचलेला कोड दिसायला बरोबरच दिसतो. अपूर्णांकासारखी आतली साक्ष त्याच्याकडे नाही. सर्व कोड ठरावीक दोन-दोन अंकी आहेत, मधे नेहमी आडवी रेघच आहे, आणि यादी कोणत्या मांडणीच्या संगणकावर भरली गेली हे पक्के माहीत आहे, या तिन्ही अटी पूर्ण होत असतील तरच `=TEXT(B2,"dd")&"-"&TEXT(B2,"mm")` अशा सूत्रावर विसंबावे, आणि तेही `D2` स्वरूपाच्या कप्प्यांपुरते. एकही अट डळमळीत असेल तर मूळ फाईलकडे जाणे हाच मार्ग उरतो.

या दुसऱ्या मार्गाला श्रम कमी पडतात, पण त्याची पूर्वअट कडक आहे: ती सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये उघडून जतन केलेली नसावी. फाईल आधी नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. तिथे `3/4` दिसले तर ती कामाची आहे, `03-Apr` दिसले तर ती यादीइतकीच बिघडलेली आहे. फाईल चांगली निघाली की तिच्यावर दोनदा टिचकी मारून ती उघडू नये, कारण त्याच क्षणी सारे रूपांतर पुन्हा होते. त्याऐवजी एक्सेलच्या `Data` टॅबमधून `From Text/CSV` निवडावे, आणि पूर्वदर्शनाच्या खिडकीत `Data Type Detection` पुढे `Do not detect data types` ठेवावे. मग सर्व स्तंभ मजकूर म्हणून येतात. नग आणि दर यांचे स्तंभ नंतर संख्येत बदलून घ्यावे लागतात, एवढाच जादा व्याप. लिबरऑफिसमध्ये सीएसव्ही उघडतानाच येणाऱ्या खिडकीत त्या स्तंभावर टिचकी मारून `Column type` `Text` करता येतो. गूगल शीट्समध्ये आयात करताना `Convert text to numbers, dates, and formulas` समोरची खूण काढावी लागते.

मूळ सीएसव्ही मिळत नसेल आणि जुन्या एक्सेल प्रती असतील, तर कोणती प्रत बघावी याचा अंदाज बिघडलेल्या कप्प्यातूनच मिळतो. दिवस-महिना प्रकारात एक्सेल भरण्याच्या वेळचे वर्ष जोडतो, म्हणून `=YEAR(B2)` ने २०२३ आले तर बिघाड २०२३ सालचा आहे आणि त्याआधीची प्रत शोधली पाहिजे. वेगवेगळ्या ओळींत वेगवेगळी वर्षे आली, तर यादी एकदा नव्हे, अनेक बैठकांत बिघडली आहे.

तिसरा उपाय म्हणून `d/m` असे स्वतःचे स्वरूप देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने पडद्यावर `3/4` दिसते खरे, पण आत तारीखच राहते. `VLOOKUP` ला ती ओळ सापडत नाही, आणि विंडोजमध्ये तारखेचे चिन्ह आडवी रेघ असे निवडलेले असेल तर `3-4` असे उमटते. छापील यादीपुरते ते ठीक आहे, दुरुस्ती म्हणून मी त्याला पर्याय मानत नाही. तसेच २०२३ मध्ये एक्सेलमध्ये आलेल्या `Automatic Data Conversion` या सेटिंगवरही येथे भिस्त ठेवू नये. तारखांबाबतचा त्यातील पर्याय `JAN1` सारख्या सलग अक्षरे-अंकांसाठी आहे. `3/4` आणि `2-11` यांचे रूपांतर तो थांबवत नाही.

मार्ग कोणताही घेतला तरी निकाल ठेवण्याची रीत एकच आहे. नवा रिकामा स्तंभ आधी `Text` स्वरूपाचा करावा आणि सूत्राचा निकाल त्यात `Paste Special` मधील `Values` ने चिकटवावा. क्रम उलटा झाला, म्हणजे साध्या `General` स्तंभात चिकटवले, तर मजकूर तात्पुरता टिकतो, परंतु कोणी त्या कप्प्यात शिरून एंटर दाबले की पुन्हा तारीख तयार होते. बिघडलेला स्तंभ पडताळणी संपेपर्यंत लपवून ठेवावा, पुसू नये.

साखर कारखान्याच्या ऊस नोंदीत गट क्रमांकाचा स्तंभ असेल तर निर्णय रॅकच्या कोडसारखाच होतो, किंबहुना अधिक ठामपणे. `145/2` शाबूत राहतो, `12/3` चा १२ मार्च होतो, आणि त्याच गावात `3/12` हा गटही असू शकतो. बिघडलेल्या ओळी बहुधा लहान गट क्रमांकांच्याच असतात. अशा यादीत सूत्राचा उपयोग बिघडलेल्या ओळी वेगळ्या काढण्यापुरता करावा, आणि क्रमांक मूळ फाईलमधून किंवा शेतकऱ्याच्या सातबारावरून, `Text` स्वरूपाच्या स्तंभात, एकेक करून भरावेत.