माकडहाडावर लाली: एअर बेड की फोमची गादी?

फोंड्याच्या वहिनींनी विचारलं, सासूबाईंच्या माकडहाडावर लालसर डाग आलाय, एअर बेड घेऊ की जाड फोमची गादी? मी म्हटलं, आधी डागावर बोट तीन सेकंद दाबून उचला. जागा फिकी पडली तर वेळ आहे. लालच राहिली तर तो शय्याव्रणाचा, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचा पहिला टप्पा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे गरमपणा किंवा कडकपणा चाचपावा.

दाब कमी करण्यात एअर बेड सरस, कारण त्याचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात. पण तो नेहमीच्या गादीवर घालून वर एकच पातळ चादर हवी. आम्ही गोधडी घातली होती, सगळं फुकट! कंबरेखाली, एअर बेडच्या तळाशी हात सरकवून पाहा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे.

फोमला वीज लागत नाही. गोव्याच्या पावसात वीज गेली की पंप बंद पडतो, हे विसरू नका. मात्र फोम ओला झाला की लवकर वाळत नाही, आणि महिन्यांनी मधोमध दबतो.

कष्ट दोन्हीकडे तेच: दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीमागे उशी लावून तीस अंश कलतं. डाग चोळायचा नाही, रिंगची उशीही नको.

स्वतः थोडी हालचाल करणाऱ्याला फोम पुरे. अजिबात न हलणाऱ्याला, किंवा लाली टिकलेली असेल तर एअर बेड, सोबत इन्व्हर्टर. कातडी सोलली किंवा फोड आला तर डॉक्टरांनाच दाखवा.