राउटरमार्फत घरचा संगणक दुरून सुरू करणे : काही महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यातल्या घरी ठेवलेला डेस्कटॉप बाहेरगावाहून सुरू करण्यासाठी मी गेले काही महिने मॅजिक पॅकेटची, म्हणजे बंद संगणकाला जागे करणाऱ्या छोट्या नेटवर्क संदेशाची, सोय वापरत आहे. आता ती भरवशाची झाली आहे, मात्र त्यासाठी रचना बदलावी लागली.

पॅकेट अगदी साधे असते : आधी एफएफ हा बाइट सहा वेळा आणि मग नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता सोळा वेळा, असे एकूण १०२ बाइट. बंद संगणकाचे कार्ड स्टँडबाय विजेवर जागे राहून एवढाच नमुना ओळखते. त्यामुळे संगणक बंद केल्यावरही मागच्या केबलपाशी दिवा लुकलुकत असेल तर निम्मे काम झाले असे समजावे. तो विझत असेल तर बायोसमधील `ErP` हा वीजबचतीचा पर्याय बंद करावा आणि विंडोजमधील `Fast Startup` ही काढून टाकावे.

खरा घोळ राउटरपाशी होतो. सुरुवातीला मी यूडीपी पोर्ट ९ संगणकाच्या आयपी पत्त्याकडे वळवला होता. संगणक बंद करून लगेच तपासले की तो सुरू होई. तासाभराने मात्र हूं की चूं नाही. याचे कारण असे की, कोणता आयपी कोणत्या मॅक पत्त्याचा, ही राउटरच्या एआरपी तक्त्यातली नोंद काही मिनिटांतच जुनी होते, आणि झोपलेला संगणक राउटरच्या विचारणेला उत्तर देत नसल्यामुळे पॅकेट तिथेच गळते. ही नोंद कायमची करता येते, पण घरगुती राउटरांपैकी बऱ्याच जणांत ती सोय नसते.

शिवाय माझ्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ताच नव्हता. राउटरच्या स्थिती-पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर सेवादात्याने अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवलेले आहे असे समजावे; मग पोर्ट वळवून उपयोग नाही.

म्हणून आता राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली आहे. राउटर स्वतःहून बाहेरच्या एका भाड्याच्या सर्व्हरशी वायरगार्ड या व्हीपीएनने जोडलेला राहतो. मी त्या वाटेने राउटरवर शिरतो आणि घरातल्या जाळ्यातूनच पॅकेट सोडतो :

```
etherwake -i br-lan AA:BB:CC:DD:EE:FF
```

एआरपीचा प्रश्नच उरत नाही, आणि कोणताही पोर्ट जगासाठी उघडा राहत नाही. मॅजिक पॅकेटला मुळात ओळखपडताळणी जवळजवळ नसतेच, तेव्हा हे बरेच.

एक मर्यादा मात्र आपल्याकडे वारंवार भोवते. वीज जाऊन परत आली की, निदान माझ्या मदरबोर्डवर तरी, कार्ड पॅकेट ऐकण्याच्या स्थितीत परतत नाही. संगणक एकदा सुरू होऊन नीट बंद व्हावा लागतो. यावर उपाय म्हणून बायोसमध्ये वीज परतताच सुरू होण्याचा पर्याय निवडला आहे. तरीही गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की, घरी कोणी नसताना संगणक उगाच चालू राहतो, म्हणून त्या संध्याकाळी मी दुरूनच शिरून तो बंद करतो.