डब्यावरचे २५ ग्रॅम

मित्रांनो, हेल्थ क्लबने मला सप्लिमेंटच्या जाहिरातींवर बोलायला सांगितलंय. मी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण आज बोलणार आहे ते पैसे मोजलेलं गिऱ्हाईक म्हणून. सगळ्याच जाहिरातींबद्दल बोलत बसलो तर संध्याकाळ पुरणार नाही, म्हणून एकाच डब्याची गोष्ट सांगतो.

सदाशिव पेठेत माझ्यासोबत लातूरचा एक मित्र राहतो. दोघंही मेसवर जेवतो. मेसची भाजी म्हणजे रस्साच जास्त, त्यामुळे जिमला जाणाऱ्या पोराला प्रोटीन कमी पडतं ही तक्रार खोटी नाही. इन्स्टावर एक दादा आहेत. बॉडी जबरदस्त, बोलणं एकदम गावाकडचं. त्यांनी एका व्हे प्रोटीनची रील टाकली आणि ‘मी कुठलीही गोष्ट लॅबमध्ये तपासल्याशिवाय सांगत नाही’ असं म्हणत लॅबचा रिपोर्टच कॅमेऱ्यासमोर धरला. मित्राने मेसेज केला, “दादा, मेसवर राहतो, हे चालेल का?” उत्तर आलं, “डोळे झाकून घे भावा, माझा कोड टाक.” आम्ही दोघांनी कॉन्ट्री काढली. डब्यावर एमआरपी ४,९९९ होती, कोड टाकून किलोचा डबा २,६०० ला पडला. कोड टाकला की आपल्याला सूट मिळते आणि दादांना कमिशन, हे माहीत असलेलं बरं. ती जाहिरात आहे हे त्यांनी लिहिलं होतं, नाही असं नाही. पण वर्णनाच्या अगदी तळाशी, पाचपन्नास हॅशटॅगच्या गर्दीत. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांनुसार पैसे घेऊन केलेली शिफारस सहज दिसेल अशी, साध्या शब्दांत सांगावी लागते.

आता डबा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘प्रत्येक स्कूपमध्ये २५ ग्रॅम प्रोटीन’. स्कूप ३५ ग्रॅमचा. मागे बारीक अक्षरात घटक होते: व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, ग्लायसिन, टॉरीन, कोको, गोडी आणणारा पदार्थ. त्याखाली अमिनो आम्लांचा तक्ता, आणि त्यात ल्युसिन १.३ ग्रॅम. मी तिथेच अडलो.

दुधापासून काढलेल्या व्हेच्या प्रोटीनमध्ये ल्युसिन साधारण दहा-अकरा टक्के असतं. म्हणजे २५ ग्रॅम खरं व्हे प्रोटीन असेल तर ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास दिसायला हवं. इथे त्याच्या निम्मं. याचा अर्थ स्कूपमध्ये व्हेचं प्रोटीन बारा-तेरा ग्रॅमच. बाकीचे बारा ग्रॅम गेले कुठे? आणि लॅबने ते पास कसे केले?

दादांच्या रिपोर्टचा फोटो मोठा करून पाहिला. पद्धतीच्या रकान्यात ‘केल्डाल’ लिहिलेलं होतं. सायन्सवाल्यांना अकरावीतली आठवत असेल. ही पद्धत प्रोटीन मोजतच नाही, ती नायट्रोजन मोजते. प्रोटीनमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं (दुधाच्या पदार्थांना ६.३८ ने) आणि त्याला प्रोटीन म्हणायचं. दही, डाळ, दूध यांच्यासाठी हा हिशोब ठीक आहे, कारण त्यांच्यातला नायट्रोजन बहुतेक प्रोटीनचाच असतो. पण पावडरमध्ये कुणी दुसरा नायट्रोजन मिसळला, तर यंत्राला फरक कळत नाही.

ग्लायसिन हे सगळ्यात लहान आणि स्वस्तातलं अमिनो आम्ल, चवीला गोडसर. त्यात नायट्रोजन १८.७ टक्के. त्याला ६.२५ ने गुणा: १०० ग्रॅम ग्लायसिन टाकलं की रिपोर्टवर ११७ ग्रॅम ‘प्रोटीन’ उमटतं! म्हणजे शंभरावर सतरा बोनस. टॉरीनवर शंभराला सत्तर मिळतात. आमच्या स्कूपमध्ये नऊ-दहा ग्रॅम ग्लायसिन आणि दोन-तीन ग्रॅम टॉरीन धरलं तर लेबलवरचे २५ बरोबर जुळतात. नेमकी मापं कंपनीलाच ठाऊक, हा माझा कागदावरचा अंदाज. पण घटक आणि ल्युसिन त्यांनीच छापलेत.

या धंद्यात याला अमिनो स्पायकिंग म्हणतात. याच फटीतून २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं गेलं होतं. त्यातही नायट्रोजन भरपूर, म्हणून पाणी घातलेलं दूध तपासणीत सकस दिसायचं. त्यात सहा बाळं दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. ग्लायसिन तसं विष नाही, हे स्पष्ट सांगतो, उगाच घाबरू नका. पण स्नायू बांधायला सगळी आवश्यक अमिनो आम्लं लागतात आणि ग्लायसिन त्यांत मोडत नाही. ते शरीर स्वतःच बनवतं. थोडक्यात, भुसा मिसळून तूरडाळीचा भाव घेतला.

पैशाचं गणित बघा. किलोच्या डब्यात अठ्ठावीस स्कूप, म्हणजे एक साधारण ९३ रुपयांना. खरं प्रोटीन बारा ग्रॅम धरलं तर ग्रॅमला साडेसात रुपयांच्या वर. साठेक रुपयांच्या लिटरभर गाईच्या दुधात ते बत्तीस ग्रॅमच्या आसपास मिळतं, म्हणजे ग्रॅमला दोन रुपये. सोयाबीनच्या वड्यांत तर शंभर ग्रॅमला पन्नासच्या वर.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं, “घटक लेबलवर स्पष्ट नमूद आहेत.” आणि ते खरंही आहे, पंचाईत तीच. दादांच्या पोस्टखाली मित्राने ल्युसिनचा प्रश्न विचारला, तर कमेंट उडाली आणि मित्र ब्लॉक. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बिल, लेबलचे फोटो आणि रीलचं स्क्रीन रेकॉर्डिंग देऊन तक्रार नोंदवली. उरलेल्या डब्याचे पैसे काही आठवड्यांनी परत आले, चूक कुणी मान्य केली नाही. रील आधीच रेकॉर्ड करून ठेवली होती हे फार बरं झालं, कारण नंतर ती काढून टाकण्यात आली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीतून शिफारस करणाऱ्यालाही पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत दंड आहे, त्यामुळे तक्रारीत दादांचं नाव घालायला लाजू नका.

आता डबा हातात घेतल्यावर काय बघायचं? ल्युसिनला प्रोटीनच्या आकड्याने भागा. दहा टक्क्यांच्या खूप खाली असेल तर डबा परत ठेवा. तक्ताच नसेल तरी ठेवा. पण ही कसोटी पक्की नाही: ल्युसिन वेगळं आणूनही मिसळता येतं, मग टक्केवारी छान दिसते. म्हणून घटकांत ग्लायसिन, टॉरीन, ग्लुटामिन, क्रिएटिन आहे का ते आधी वाचा. क्रिएटिन वाईट नाही, ते वेगळं घ्या. पण त्याचाही नायट्रोजन प्रोटीनच्या आकड्यात चढतो. एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर जरूर बघा, मात्र त्याने फक्त कंपनीकडे परवाना आहे एवढंच कळतं, ती पावडर कुणी तपासलीय असं नाही. ‘लॅब टेस्टेड’ म्हणणाऱ्याला विचारा: नायट्रोजन मोजलाय की अमिनो आम्लांची पूर्ण चाचणी केलीय?

दर गुरुवारी पाच वाजता मी आणि आमचे सर क्लबच्या खोलीत असतो. ज्यांच्या रूमवर उघडलेला डबा आहे त्यांनी मागच्या लेबलचा फोटो घेऊन या, कॅल्क्युलेटर आमच्याकडे आहे.