एक घड्याळ, दोन फोन: घरचा आणि ऑफिसचा नंबर एकाच मनगटावर कसा आणायचा?

ठाण्याहून ऐरोली, रबाळे, महापेला रोज जाणाऱ्या अनेकांच्या बॅगेत दोन फोन असतात, एक स्वतःचा आणि एक कंपनीचा. गर्दीच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये दोन्ही बाहेर काढणं जमत नाही, म्हणून घड्याळ घ्यायचा विचार येतो. मग दुकानात प्रश्न विचारला जातो, "हे दोन फोनला चालतं का?" आणि उत्तर मिळतं, "ब्लूटूथ आहे ना, चालणारच." हे उत्तर अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं घरी आल्यावर कळतं.

आधी कारण समजून घेऊ, म्हणजे पुढचे पर्याय तोलणं सोपं जाईल. घड्याळाला नोटिफिकेशन फोनमधल्या त्याच्या ॲपकडून मिळतात. पावलं, झोप, सेटिंग हा सगळा हिशोबही तेच ॲप ठेवतं. दोन फोनवर दोन ॲप असतील तर खरा हिशोब कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो, म्हणून बहुतेक कंपन्यांनी घड्याळ एकाच फोनला बांधलं आहे. ॲपल वॉच एका वेळी एकाच आयफोनशी जोडलं जातं आणि अँड्रॉइडशी अजिबात नाही. सॅमसंगची गॅलॅक्सी वॉच ४ आणि त्यानंतरची घड्याळं फक्त अँड्रॉइडवर चालतात, तीही एका वेळी एकाच फोनबरोबर. तेव्हा स्वतःचा अँड्रॉइड आणि ऑफिसचा आयफोन असेल, तर या दोन्ही कंपन्यांचं कोणतंही घड्याळ घेतलं तरी एक फोन बाहेरच राहणार.

सकाळी ऑफिसच्या फोनला आणि संध्याकाळी स्वतःच्या फोनला जोडू, हा विचार सोडूनच द्या. ॲपल वॉच फोनपासून वेगळं केलं की पूर्ण पुसलं जातं. वेगळं करताना आयफोनवर बॅकअप होतो खरा, पण दुसऱ्या फोनवर सगळं पुन्हा उभं करण्यात सहज अर्धा-पाऊण तास जातो. गॅलॅक्सी वॉचसारख्या घड्याळांवर चालणाऱ्या वेअर ओएस या प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीपासून घड्याळ रीसेट न करता नव्या फोनवर नेता येतं. मात्र ती सोय फोन बदलणाऱ्यासाठी आहे, रोज दोनदा वापरण्यासाठी नाही.

उरतात ते खरे पर्याय. त्यांच्यातली निवड एका प्रश्नावर ठरते: दुसऱ्या फोनवरून मनगटावर नक्की काय यायला हवं, फक्त कॉल की मेसेजही?

कॉलिंगवालं घड्याळ दोन फोनांत वाटून देणं

दीड ते तीन हजारांत मिळणाऱ्या ब्लूटूथ कॉलिंग घड्याळांत बहुतेक वेळा ब्लूटूथच्या दोन वेगळ्या जोडण्या असतात. एक कमी बॅटरी खाणारी, ॲपमार्फत नोटिफिकेशन आणि पावलांसाठी. दुसरी जुन्या पद्धतीची, कारमध्ये किंवा हेडसेटला असते तशी, फक्त आवाजासाठी. या दोन जोडण्या दोन वेगळ्या फोनना देता येतात. एकाच घड्याळावर दोन फोन खरोखर एकत्र नांदण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

पद्धत अशी. स्वतःच्या फोनवर घड्याळाचं ॲप टाका आणि ॲपच्या आतूनच घड्याळ जोडा. थोड्या वेळाने ॲप कॉलिंगसाठी वेगळी जोडणी मागेल, ती नाकारा. चुकून झालीच तर फोनच्या ब्लूटूथ यादीत जाऊन फक्त तेवढी नोंद काढून टाका. आता ऑफिसच्या फोनचं ब्लूटूथ उघडा, घड्याळावर कॉलिंग सुरू करा आणि यादीत दिसणारं घड्याळाचं नाव जोडा. ऑफिसचा फोन अँड्रॉइड असेल तर त्या नावापुढच्या सेटिंगमध्ये कॉलचा आवाज चालू ठेवा आणि मीडियाचा आवाज बंद करा. मीडिया चालू राहिला तर ऑफिसच्या फोनवर उघडलेला व्हिडिओ भर मीटिंगमध्ये मनगटावरून वाजेल. संपर्क वाचायची परवानगी दिली तर काही घड्याळांवर नाव दिसतं, नाहीतर नुसता नंबर.

आता अडचणी. स्वतःच्या फोनवर कॉल आला तर घड्याळ थरथरतं, नावही दिसतं, पण त्यावरून बोलता येत नाही, कारण आवाजाची जोडणी ऑफिसच्या फोनकडे आहे. ऑफिसच्या फोनचे मेसेज येतच नाहीत, कारण ॲप तिथे नाही. आणि सगळ्यात त्रास देणारी गोष्ट म्हणजे पुन्हा जुळणी. फोन टेबलावर ठेवून कँटीनला गेलात, दहाएक मीटरची हद्द ओलांडली, की आवाजाची जोडणी तुटते. परत आल्यावर काही घड्याळं आपोआप जुळतात, काहींना ब्लूटूथमध्ये जाऊन नावावर टिचकी मारावी लागते. डब्यावर हे लिहिलेलं नसतं. म्हणून दुकानात दोन्ही फोन घेऊनच जा, वरची जुळणी करा, ऑफिसचा फोन काउंटरवर ठेवून रस्त्यापलीकडे चालत जा आणि परत येऊन त्या फोनवर कॉल लावा. घड्याळ वाजलं तरच घ्या.

कॉल फॉरवर्डिंग

घड्याळ चांगलं हवं असेल आणि दुसऱ्या फोनवरून फक्त कॉल यायला हवे असतील, तर मला हा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. घड्याळ स्वतःच्या फोनलाच बांधलेलं राहतं आणि ऑफिसच्या नंबरवरचे कॉल स्वतःच्या नंबरकडे वळतात. वळवणं नेटवर्कवर होतं, फोनमध्ये नाही. त्यामुळे एकदा चालू केल्यावर ऑफिसचा फोन बंद पडला किंवा घरी राहिला तरी कॉल येत राहतो. वरच्या पर्यायात हे शक्य नाही.

अँड्रॉइडवर फोन ॲपच्या सेटिंगमध्ये त्या सिमखाली `Call forwarding` सापडतं. तिथे चार प्रकार असतात: नेहमी, व्यस्त असताना, न उचलल्यास आणि संपर्क होत नसल्यास. "न उचलल्यास" निवडलं तर आधी ऑफिसचा फोन वाजतो आणि मग मनगट, तेवढ्यात समोरचा कंटाळून ठेवूनही देतो. प्रवासात म्हणून "नेहमी" बरं. आयफोनच्या सेटिंगमध्ये तर "नेहमी" एवढाच प्रकार मिळतो. जुने लोक `*401#` ने फॉरवर्डिंग लावायचे. फसवणुकीच्या तक्रारींमुळे दूरसंचार विभागाने ती सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला सांगितली, म्हणून सेटिंगमधूनच लावा. कंपनीच्या कनेक्शनवर फॉरवर्डिंगच बंद असेल तर सेटिंग चुकल्याचा संदेश देतं. मग फोनशी झटापट न करता ॲडमिनला विचारा.

यात एक सापळा आहे आणि तो महागात पडू शकतो. वळून आलेला कॉल चुकला की त्याची नोंद स्वतःच्या फोनमध्ये होते. घड्याळावरून परत लावलात तर कॉल स्वतःच्या नंबरवरून जातो आणि ग्राहकाकडे तुमचा खाजगी नंबर कायमचा पोहोचतो. तेव्हा उलट कॉल नेहमी ऑफिसच्या फोनवरूनच. दुसरं, स्वतःच्या फोनवरून ऑफिसच्या नंबरकडे कसलंही फॉरवर्डिंग आधी लावलेलं असेल तर ते काढा, नाहीतर कॉल या नंबरवरून त्या नंबरवर फिरत राहील आणि कोणालाच लागणार नाही.

दोन्ही सिम एका फोनमध्ये

कंपनीची हरकत नसेल तर यासारखं स्वच्छ उत्तर नाही. घड्याळाला एकच फोन दिसतो आणि त्यावर दोन्ही नंबरांचे कॉल व एसएमएस येतात. मात्र बहुतेक फोनांत एका सिमवर बोलत असताना दुसरं सिम संपर्काबाहेर जातं. आयफोनवर वाय-फाय कॉलिंग आणि मोबाइल डेटा एका सिमवरून दुसऱ्यावर बदलण्याची परवानगी चालू ठेवली तर ही अडचण टळू शकते. सिम काढण्याआधी ऑफिसच्या फोनमधली सिम तपासणारी ॲप, विशेषतः बँक आणि यूपीआय, पाहून घ्या. आणि प्लास्टिकच्या सिमऐवजी ई-सिम करून घेणार असाल तर ते शुक्रवारी संध्याकाळी करा, कारण सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात आणि त्या काळात ओटीपी येत नाही.

मेसेजसाठी खातं आणा

मेल आणि टीम्स मनगटावर हवे असतील तर वरच्या तीनपैकी एकही पर्याय पुरत नाही. त्यासाठी ऑफिसचं खातं स्वतःच्या फोनवर, अँड्रॉइडच्या वर्क प्रोफाइलमध्ये, म्हणजे ऑफिसची ॲप वेगळी ठेवणाऱ्या कप्प्यात, टाकावं लागतं. कंपनीच्या धोरणावर पुढचं ठरतं. काही ठिकाणी घड्याळावर पूर्ण मजकूर येतो, काही ठिकाणी नुसतं "नवीन मेल" एवढंच, काही ठिकाणी काहीच नाही. हे घड्याळ बदलून सुटत नाही, म्हणून आयटीवाल्यांना घड्याळ घेण्याआधी विचारा. वर्क प्रोफाइलची एक चांगली बाजू म्हणजे ते बंद करण्याचं बटण. घरी आल्यावर दाबलं की मनगट शांत.

एक उदाहरण धरू. नौपाड्यात राहणाऱ्या, ऐरोलीत सपोर्टचं काम करणाऱ्या एका बाईंकडे स्वतःचा अँड्रॉइड आहे आणि कंपनीचा आयफोन, ज्याचं सिम काढायची परवानगी नाही. दिवसाला पाच-सहा महत्त्वाचे कॉल येतात, शिवाय टीम्स. दोन सिमचा पर्याय परवानगीअभावी बाद. स्वस्त कॉलिंग घड्याळ चालेल, पण टीम्स येणार नाही आणि लोकलच्या गोंगाटात त्याचा छोटा स्पीकर ऐकूही येणार नाही. त्यांनी अँड्रॉइडला जोडणारं बरं घड्याळ घ्यावं, टीम्स वर्क प्रोफाइलमध्ये मागून घ्यावं आणि कॉलसाठी आयफोनवर फॉरवर्डिंग लावावं. घरातून निघताना चालू, डेस्कवर बसल्यावर बंद. बंद झालंय का ते दुसऱ्या कोणाच्या फोनवरून ऑफिसच्या नंबरवर एक कॉल लावून पाहावं. ग्राहकांची नावं आयफोनमध्ये आहेत, म्हणून घड्याळावर नुसते आकडे दिसतील. त्यातले दहा-बारा नेहमीचे नंबर अँड्रॉइडमध्ये "ऑफिस" हा शब्द आधी लावून साठवले, की लोकलमध्ये हँडल धरलेल्या हाताकडे नुसती नजर टाकून कळेल, आत्ता उचलायचा की ऐरोलीला उतरल्यावर आयफोनवरून परत लावायचा.