पाळीआधीचं दुखणं की खरी गाठ?

अठ्ठावीस दिवसांचं चक्र, आज चोविसावा दिवस. अंघोळ करताना डाव्या स्तनात, काखेकडच्या वरच्या भागात हाताला काहीतरी लागलं. दाबलं की दुखतंय. अशा वेळी पहिलं काम म्हणजे उजव्या स्तनात नेमकी तीच जागा चाचपणं.

तिथंही तसंच जाड, दोऱ्यांच्या गुंत्यासारखं लागलं, दोन्हीकडे जडपणा असला आणि बोटांना कडा सापडत नसली, तर बहुधा हा पाळीआधीचा ताठरपणा. संप्रेरकांमुळे स्तनातल्या ग्रंथी फुगतात. दुखणं काखेपर्यंत जातं आणि पाळी सुरू झाली की ओसरतं. खरी गाठ आजूबाजूच्या भागापासून वेगळी कळते. गोटीसारखी तिची कडा बोटांना जाणवते, ती बहुतेक वेळा एकाच बाजूला असते आणि पाळी गेली तरी राहते. तरुणपणी अशी गाठ बरेचदा साधी, बोटाखालून सटकणारी निघते. पण साधी की नाही हे हाताने ठरत नाही.

दुखण्यावरून मात्र निवाडा करू नका. पाण्याची गाठ चांगलीच दुखू शकते आणि कर्करोगाची गाठ बहुतेकदा दुखतच नाही. ‘दुखत नाही ना, मग सोड’ हे वाक्य म्हणूनच उलटं आहे.

चोविसाव्या दिवशी सगळंच गाठाळ लागतं. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस धरून सातव्या ते दहाव्या दिवशी पुन्हा बघा. तेव्हा स्तन सर्वांत मऊ असतात. उताणं झोपून त्या बाजूचा हात डोक्याखाली घ्या. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, टोकांनी नव्हे, गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्यांत चाचपा. प्रत्येक जागी आधी हलका, मग मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत दाब द्या. काखही घ्या. पाळी बंद झालेल्यांनी महिन्याची एक तारीख ठरवावी.

आठव्या दिवशी तो गुंता विरघळला असेल, तर पाळीचंच होतं. तिथं वेगळं काही उरलं असेल, तर डॉक्टरकडे जा. आणि ही वाट फक्त अस्पष्ट गाठाळपणासाठी. चोविसाव्या दिवशीच स्पष्ट कडेची गाठ लागली, तर पाळीची वाट बघू नका.

गाठ नसतानाही लगेच दाखवायच्या गोष्टी आहेत: कातडीला खळी पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी होणं, स्तनाग्र नव्यानं आत ओढलं जाणं, न दाबता एकाच स्तनाग्रातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणं, स्तनाग्रावरची न बरी होणारी खपली, काखेतली गाठ. स्तन लाल आणि गरम झाला, प्रतिजैविकं घेऊनही उतरत नाही, तर पुन्हा जा.

गाठ हाताला लागते पण मॅमोग्राफी स्वच्छ, असंही होतं. दाट स्तनात गाठ त्या चित्रात लपते. तेव्हा सोनोग्राफीचं विचारा, आणि गरज वाटल्यास सुईनं तुकडा काढून तपासण्याचंही.